केळीच्या धाग्याचा आयआर: एटीआर म्हणतं ओएच कमी झाला, केबीआर म्हणतं वाढला. खरं कोणाचं?

रावेरकर
नमस्कार मंडळी. केळीच्या खोडातून काढलेला धागा ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये खोलीच्या तापमानाला २ तास ठेवला, पाण्याने धुतला आणि ६० अंशांवर वाळवला. प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने आहेत. दोन्हींचे स्पेक्ट्रम दोन पद्धतींनी घेतले: हिऱ्याच्या एटीआरवर धागा तसाच ठेवून, आणि कापून-कुटून केबीआरच्या गोळीत.

एटीआरमध्ये ३३३५ चा ओएच पट्टा १०३० च्या शिखराच्या तुलनेत ०.४२ वरून ०.२४ वर आला. केबीआरमध्ये हेच गुणोत्तर ०.८५ वरून १.१ वर गेलं, आणि १६३५ चा पट्टाही मोठा झाला. १७३५ चं शिखर एटीआरमध्ये पूर्ण गेलं, पण केबीआरमध्ये त्याचा छोटा खांदा अजून दिसतो.

प्रबंधात "अल्कली प्रक्रियेने ओएच गट कमी झाले" असं वाक्य टाकायचं आहे. एका पद्धतीवर ते बसतं, दुसरीवर उलटं पडतं. कुठला स्पेक्ट्रम धरायचा?

सातपुडा
एटीआरच धर. केबीआर हवेतलं पाणी ओढतं, एटीआरमध्ये पाण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे तिथे दिसतो तो ओएच धाग्याचाच. कमी झाला म्हणजे कमी झाला.

अणुरेणू
सातपुडा, पहिलं अर्धं बरोबर आहे. एटीआरमध्ये केबीआरचं पाणी नसतं, पण धाग्याचं स्वतःचं पाणी असतंच. केळीचा धागा उघड्यावर ठेवला तर वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा सहज धरतो. १६४० च्या जवळचा पट्टा पाण्याच्या रेणूच्या वाकण्याचा आहे. सेल्युलोजचा ओएच तिथे काही देत नाही. एटीआरमध्ये १६४० दिसत असेल तर ३३३५ मध्येही पाण्याचा वाटा आहे.

रावेरकर, माझ्या मते तुमचे दोन्ही ओएच आकडे आज वापरण्याजोगे नाहीत, आणि दोघांची कारणं वेगळी आहेत. एक माहिती द्या: एटीआरमध्ये १०३० ची नुसती उंची, गुणोत्तर न काढता, आधी किती होती आणि नंतर किती? आणि केबीआरमध्ये ओएच पट्ट्याचा माथा नेमका कुठे आहे?

धुळे_क्यूसी
आमच्याकडे औषधांच्या कच्च्या मालासाठी दोन्ही चालतं. माझं मत एटीआरच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. अमाइनचं हायड्रोक्लोराइड केबीआरमध्ये कुटलं की क्लोराइड आणि ब्रोमाइडची अदलाबदल होते आणि २४०० ते ३००० मधले पट्टे सरकतात. अशा वेळी पोटॅशियम क्लोराइडची गोळी करतात. शिवाय दाबाने आणि कुटण्याने बहुरूपी पदार्थाचं रूप बदलू शकतं. तुमच्या धाग्यातही असं काही होत असेल.

अणुरेणू
@धुळे_क्यूसी, धाग्यात अदलाबदलीला हायड्रोक्लोराइड नाही, त्यामुळे तो भाग इथे लागू नाही. पण कुटण्याने रूप बदलतं हा मुद्दा पक्का आहे आणि सेल्युलोजला तो चांगलाच लागतो. जास्त कुटलं की स्फटिकी भाग मोडतो: १४३० चं शिखर खाली येतं आणि ८९७ चं वर जातं. मग ती अल्कलीची करामत वाटते, असते खलबत्त्याची. दोन्ही नमुने सारख्याच वेळ, सारख्याच हाताने कुटायचे.

रावेरकर
आकडे असे. एटीआरमध्ये १०३० ची उंची आधी ०.३१, नंतर ०.२४. केबीआरमध्ये ओएचचा माथा आधी ३३४२ ला होता, नंतर ३४३२ ला. दोन गोळ्या वेगवेगळ्या दिवशी केल्या आहेत, दुसरी जुलैत.

अणुरेणू
आता बोलता येईल. आधी एटीआर.

हिऱ्याच्या पृष्ठभागावरून जी लहर नमुन्यात शिरते तिची खोली तरंगलांबीच्या प्रमाणात बदलते. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४, धाग्याचा साधारण १.५ आणि आपात कोन ४५ अंश धरला तर खोली तरंगलांबीच्या जवळजवळ एक-पंचमांश येते. म्हणजे १०३० ला सुमारे १.९ मायक्रॉन, आणि ३३३५ ला जेमतेम ०.६ मायक्रॉन. एटीआरमध्ये ओएच केबीआरपेक्षा बुटका दिसतो तो यामुळेच. तुमचे ०.४२ आणि ०.८५ हे आधीच्या नमुन्याचे दोन आकडे एकमेकांशी भांडत नाहीत.

आता धागा हिऱ्याला नीट टेकला नाही, मध्ये हवेची बारीक फट राहिली असं समजा. फट पाव मायक्रॉन धरली तर या खोलींच्या हिशेबाने १०३० चा सुमारे ७७ टक्के भाग उरतो, पण ३३३५ चा फक्त ४४ टक्क्यांच्या आसपास. ओएचची लहर उथळ, म्हणून फट तिला जास्त खाते. गुणोत्तर ०.४२ चं ०.२४ होतं. तुमची १०३० ची उंची ०.३१ वरून ०.२४ झाली आहे, म्हणजे तेही ७७ टक्केच. हवेत लहर याहूनही लवकर विरते, त्यामुळे खरी फट पाव मायक्रॉनपेक्षा कमीच असेल, पण गोष्ट तीच.

रासायनिक बदल अजिबात नसतानाही तुमचा निकाल असाच आला असता. बदल झालाच नाही असं मी म्हणत नाही. या आकड्यांवरून तो सिद्ध होत नाही, एवढंच. अल्कलीत डिंकासारखा भाग निघून गेला की धागा कडक आणि खडबडीत होतो, त्यामुळे नंतरचा नमुनाच नेमका कमी टेकतो.

सातपुडा
मग सॉफ्टवेअरमधलं एटीआर करेक्शन लावलं की झालं ना? खोलीचा फरक तिथे निघून जातो.

गिरणाकाठ
करेक्शन धरून चालतं की नमुना पूर्ण टेकलेला आहे. तरंगलांबीप्रमाणे खोली बदलते तेवढं ते सुधारतं. फटीचं त्याला काही कळत नाही. न टेकलेल्या स्पेक्ट्रमवर ते लावलं की चुकीचं गुणोत्तर फक्त दिसायला केबीआरसारखं होतं, आणि मग चूक ओळखणं आणखी अवघड.

टेकलं की नाही हे पाहायची सोपी रीत आहे. पकडीचा स्क्रू थोडा फिरवा, स्पेक्ट्रम घ्या, पुन्हा थोडा फिरवा, पुन्हा घ्या. १०३० ची उंची वाढते तोवर टेकण कमी आहे. दाब वाढवूनही उंची वाढेनाशी झाली की तिथे थांबा. प्रत्येक टप्प्याला ३३३५ आणि १०३० यांचं गुणोत्तरही लिहा. टेकण सुधारत असेल तर तेही वर चढेल. चढलं तर समजा, तुमचा ओएच "कमी" नव्हताच, तो पोचत नव्हता.

धागा तसाच ठेवायचा तर एक-दोन तंतू नकोत. हिऱ्याची खिडकी दोन मिलिमीटरच्या आसपास असते, ती पूर्ण झाकेल अशी आडवी-उभी गादी करा. आणि पकडीचं टोक आधी पुसा. तिथे मागच्या नमुन्याची भुकटी राहिली तर ती गादीतून दाबली जाऊन हिऱ्यापर्यंत येते.

तोरणमाळ
मला पण एक विचारायचंय. माझ्या धाग्याच्या एटीआरमध्ये १९०० ते २३०० मध्ये खडबडीत उंचसखल भाग येतो. ट्रिपल बाँड असेल का? अल्कलीने काही नवीन तयार होतंय?

गिरणाकाठ
नाही दादा, तो हिरा आहे. हिरा स्वतः त्या पट्ट्यात शोषतो, तिथे डिटेक्टरला प्रकाश कमी पोचतो, म्हणून आवाज वाढतो. २३५० च्या जवळची जोडी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. केळीच्या धाग्यात त्या भागात काही यायला नको. आणि १५०० ते १८०० मध्ये सुयांसारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती पाण्याची वाफ. बॅकग्राउंड नव्याने घ्या. तुमच्याकडे १६४० मोजायचं असेल तर या सुया फार छळतात.

भुसावळ_जंक्शन
केबीआरचं काय ते सांगा भो, तिथे तर उलटं आलंय. रावेरकरच्या प्रश्नाचा अर्धा भाग राहिला.

अणुरेणू
हो, तिकडे येतो. केबीआरमध्ये उत्तर माथ्याच्या जागेत आहे. सेल्युलोजचा ओएच ३३३० ते ३३५० ला बसतो. केबीआरने धरलेल्या पाण्याचा पट्टा ३४३० ते ३४५० ला, रुंद आणि गुळगुळीत, सोबत १६३५ ची जोड. रावेरकरांचा माथा ३३४२ वरून ३४३२ ला गेला आणि १६३५ त्याच वेळी वाढलं. ही जोडी एकत्र वाढली की पहिला संशय गोळीच्या पाण्यावर घ्यायचा.

प्रमाण पाहा. २०० मिलिग्रॅम केबीआरमध्ये दीड मिलिग्रॅम धागा घातला आणि केबीआरने वजनाच्या फक्त ०.२ टक्के पाणी धरलं, तर ते ०.४ मिलिग्रॅम होतं. धाग्याच्या चौथ्या भागाहून जास्त! धाग्यातला स्वतःचा ओलावा दहा टक्के धरला तरी ०.१५ मिलिग्रॅमच. म्हणून गोळीतल्या ओएचच्या उंचीवरून धाग्याच्या पाणी शोषण्याबद्दल काहीही लिहू नका.

गिरणाकाठ
गोळीबद्दल काही व्यवहाराच्या गोष्टी.

आयआर दर्जाचं केबीआर ११० अंशांवर रात्रभर ठेवायचं आणि डेसिकेटरमध्येच गार करायचं. पसरट भांड्यात पातळ थर द्या. भरलेल्या बाटलीचं तोंड उघडं ठेवून ओव्हनमध्ये ठेवली तर आतली मधली भुकटी दमटच राहते. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की थोडी हयगय चालून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच पद्धत फसते, आणि रावेरकरची दुसरी गोळी जुलैतली आहे.

धागा केबीआरसोबत कुटायला सुरुवात करू नका. आधी एक-दोन मिलिमीटरचे तुकडे करा, द्रव नायट्रोजनमध्ये गार करून अकीकाच्या खलात एकटाच कुटा. गार न करता कुटलं तर तंतू तुटत नाहीत, फक्त चपटे होतात. भांडं पुन्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकून ठेवा, नाहीतर गार भुकटीवर हवेचं पाणी जमतं, आणि वाळवण्याची सगळी मेहनत तिथेच जाते. नंतर वाळलेलं केबीआर घालून हलक्या हाताने, मिनिटभर मिसळा. केबीआर जितकं जास्त कुटाल तितका त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि तितकं ते पाणी ओढतं.

१३ मिलिमीटरच्या डायमध्ये भरून दोन-तीन मिनिटं व्हॅक्यूम, मग ८ टन दाब दोन मिनिटं, व्हॅक्यूम चालूच. दाब हळू सोडा, एकदम सोडला तर गोळीला तडे जातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या, तेवढाच वेळ खलात फिरवलेल्या केबीआरची कोरी गोळी करा. तिच्यात ३४४० आणि १६३५ किती येतं ते आधी पाहा. कोरी गोळीच ओली असेल तर नमुन्याची करून उपयोग नाही.

सातपुडा
कोरी गोळी वजा केली की पाणी गेलं, असं म्हणता येईल का मग?

गिरणाकाठ
काही अंशी. दोन गोळ्यांनी सारखंच पाणी धरलं असेल याची खात्री नसते. १६३५ शून्यावर येईपर्यंत वजाबाकीचा गुणक फिरवतात काही जण, पण मग धाग्याचं स्वतःचं पाणीही त्यात जातं. साधारण सुधारणा म्हणून ठीक, ओएचचं मोजमाप म्हणून मी मानत नाही.

धुळे_क्यूसी
मला वाटतं इथे थोडं जास्त कडक होतंय. गोळी व्हॅक्यूममध्ये ६० अंशांवर तासभर ठेवून पुन्हा घेतली, पुन्हा ठेवून पुन्हा घेतली आणि १६३५ स्थिर झालं, तर उरलेला ओएच तुलनेला चालायला हवा. आमच्याकडे हायड्रेटची ओळख करताना अशीच टप्प्याटप्प्याने करतो.

अणुरेणू
हायड्रेटचं पाणी जाळीत ठरलेल्या जागी असतं, म्हणून त्याचे पट्टे बारीक आणि ठरलेल्या जागी येतात. लॅक्टोज मोनोहायड्रेटचा ३५२० च्या आसपासचा बारीक पट्टा तुम्हाला माहीत असेलच. तिथे ही पद्धत जमते. धाग्याचं पाणी सैल असतं, त्याला ठराविक जागा नाही, आणि दाबलेल्या गोळीच्या आतून ते हळू निघतं. करून पाहायला हरकत नाही, पण "स्थिर झालं" म्हणजे "संपलं" असं नाही.

सोनगीर_मंद्र
रावेरकरताई, आणखी एक बघा. केबीआरच्या स्पेक्ट्रमची बेसलाइन ४००० कडे उतरती आहे का? आणि १०३० च्या डोंगराची डावी बाजू, म्हणजे जास्त आकड्याची, एकदम कड्यासारखी आणि उजवी लांबट आहे का? तसं असेल तर कण मोठे राहिलेत. दोन मायक्रॉनच्या खाली गेल्याशिवाय प्रकाश विखुरतो आणि पट्ट्यांचा आकार बिघडतो. गोळी उजेडात धरली की तंतूंचे पांढरे ठिपके दिसतात.

रावेरकर
हो, उतार आहे, आणि ठिपकेही आहेत. गार करून कुटून पुन्हा करते.

गिरणाकाठ यांनी सांगितलं तसं एटीआरवर दाब वाढवून पाहिलं. प्रक्रियेनंतरच्या नमुन्याची १०३० ची उंची ०.२४ वरून ०.३० पर्यंत गेली आणि तिथे थांबली. गुणोत्तर ०.३८ आलं. आधीचा नमुना त्याच पद्धतीने ०.४२ वरच राहिला. म्हणजे फरक उरला तो ०.४२ आणि ०.३८ एवढाच. हा खरा मानायचा का?

अणुरेणू
उत्तम काम. उरलेला फरक एका जागेवरून ठरवू नका. धाग्याच्या गादीच्या निरनिराळ्या पाच-सहा जागा घ्या, प्रत्येक वेळी काढून पुन्हा ठेवा, आणि गादी काटकोनात फिरवूनही घ्या. तंतू एका दिशेने असले की दिशेमुळेच उंची बदलते. मग आधीच्या नमुन्याचे आकडे आपसात किती फिरतात ते बघा. ते ०.४० ते ०.४४ असे फिरत असतील तर ०.३८ बद्दल बोलता येईल. ०.३५ ते ०.४५ असे फिरत असतील तर नाही.

आणि दोन्ही नमुने १०५ अंशांवर वाळवून, डेसिकेटरमधून काढल्या काढल्या मोजा. प्रक्रियेनंतरचा धागा ओलावा वेगळ्या प्रमाणात धरू शकतो, आणि तो फरकही ०.३८ मध्ये शिरलेला असू शकतो.

रावेरकर
आणि १७३५? एटीआरमध्ये गेलं, केबीआरमध्ये खांदा उरला. ही पण टेकण्याचीच गोष्ट?

अणुरेणू
ही वेगळी आहे, आणि मला सगळ्यात रंजक वाटते. १७३५ ला लहर सव्वा मायक्रॉनच्या आसपास शिरते, आणि टेकण पूर्ण झाल्यावरही शिखर दिसत नसेल तर पृष्ठभागावरचं हेमिसेल्युलोजचं अॅसिटिल खरंच गेलं आहे. पण केळीचा धागा शंभर मायक्रॉनच्या आसपास जाडीचा जुडगा असतो. एटीआर त्याची फक्त कातडी पाहतो. केबीआरमध्ये कुटलेला अख्खा धागा येतो, म्हणून आतल्या भागात अॅसिटिल उरलं असेल तर ते तिथे दिसतं. या ठिकाणी दोन्ही स्पेक्ट्रम खरे असू शकतात.

तपासायचं असेल तर गोळीसाठी कुटलेली तीच भुकटी एटीआरवर घाला. तिथेही १७३५ चा खांदा आला तर आत उरलंय हे पक्कं. भुकटी टेकतेही चांगली.

सोनगीर_मंद्र
१७३५ ची तुलना कशाशी करता ते पण सांगा. १०३० लांब आहे, टेकण्याचा परिणाम दोघांवर वेगळा होतो. जवळचं शिखर घ्यायला हवं.

गिरणाकाठ
मी १३७० घेतो.

सोनगीर_मंद्र
१३७० मध्ये अॅसिटिलच्या मेथिलचाही वाटा असतो दादा. अॅसिटिल गेलं की भाजक पण घटतो, आणि बदल आहे त्यापेक्षा कमी दिसतो. १३२० बरं, ते सेल्युलोजचं आहे.

गिरणाकाठ
१३२० लहान आहे, बेसलाइन थोडी हलली की आकडा हलतो. ११६० घेतलं तर उंची बरी मिळते, पण ते १०३० च्या डोंगराच्या उतारावर बसलेलं आहे. मला तरी १३७० अजून सोयीचं वाटतं.

अणुरेणू
दोघांचंही पटतं. मी दोन्ही भाजकांनी काढून दोन्ही आकडे छापेन.

भुसावळ_जंक्शन
रावेरकरताई, धुतल्यावर अॅसिड लावलं होतं का? पाण्याने धुतलं एवढंच लिहिलंय. अल्कली आत राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कार्बोनेट होतं, त्याचा रुंद पट्टा १४४० च्या आसपास आणि बारीक ८८० ला. १४३० आणि ८९७ वरून स्फटिकता काढणार असाल तर दोन्ही आकडे बिघडतील.

रावेरकर
फक्त पाण्याने, पीएच ७ येईपर्यंत. ८८० ला बारीक काहीतरी आहे खरं, ते मी ८९७ चाच भाग समजत होते. विरळ अॅसेटिक अॅसिडने धुऊन पाहू का?

भुसावळ_जंक्शन
पाहा, पण त्यानंतर पाण्याने भरपूर धुवा. अॅसिटेट उरलं तर १५७० च्या जवळ नवा पट्टा येतो आणि लिग्निनच्या १५९५ शी मिसळतो. बाहेरचं धुवणाचं पाणी पीएच ७ दाखवत असलं तरी जुडग्याच्या आतून अल्कली हळू येत राहते. धागा रात्रभर ताज्या पाण्यात ठेवून सकाळी त्या पाण्याचा पीएच बघा.

धुळे_क्यूसी
आणि ५ टक्क्यांवर सेल्युलोज-२ झालं असं प्रबंधात लिहू नका, कुणी सुचवलं तरी. खोलीच्या तापमानाला त्यासाठी अल्कली दहा टक्क्यांच्या वर लागते. ८९७ सरकल्यासारखं वाटलं तर आधी ते कार्बोनेट नाही ना, हे धुऊन तपासा.

रावेरकर
समजलं. ओएचचं वाक्य सध्या काढते. १७३५ बद्दल "पृष्ठभागावर दिसेनासं, अख्ख्या धाग्यात अंशतः शिल्लक" असं लिहिते, कुटलेल्या भुकटीचा एटीआर आला की. १३२० की १३७० हे मात्र अजून ठरत नाहीये; दोन्हींनी काढलं तर घट वेगवेगळी येते आणि मार्गदर्शकांना एकच आकडा हवाय.

सोनगीर_मंद्र
१३२० द्या, आणि १३७० का नको ते एका ओळीत लिहा.

गिरणाकाठ
मी १३७० वर ठाम आहे. पण बेसलाइन कुठून कुठे ओढली ते दोन्ही बाबतीत आकड्यांसह लिहा, ते न लिहिता कुठलाच आकडा तपासता येत नाही.